साहेबांनी लिहायच्या सहा ओळी

“साहेब, आई गेली. पहाटे चारला. आज येत नाही.”

मंगळवारी सकाळी पावणेसातला, पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याच्या मॅनेजरला डिस्पॅच सांभाळणाऱ्या माणसाचा असा निरोप येतो. तीन वाक्यांचा. पहिल्या दोनांत जे घडलं ते आहे. तिसऱ्याकडे मात्र थांबून पाहायला हवं. घरात आई कपड्याखाली झाकलेली आहे, बायका रडताहेत, भाऊ पुण्याहून निघाला आहे, आणि या माणसाला आठवण झाली हजेरीची. पगारी माणसाची ही सवय मरणाच्या दिवशीही सुटत नाही. सांत्वनाचा मजकूर लिहायला बसलेल्या मॅनेजरने उत्तर द्यायचं आहे ते मुख्यतः या तिसऱ्या वाक्याला. पहिल्या दोन वाक्यांना उत्तर देणारी माणसं पुष्कळ असतात, नातेवाईक असतात, गल्ली असते. “आज येत नाही” याला उत्तर देऊ शकणारा माणूस एकच असतो.

बहुतेक साहेब नेमकं उलटं करतात. ते पहिल्या दोन वाक्यांवर पाच ओळी लिहितात आणि तिसऱ्याला वाऱ्यावर सोडतात. सहसा हाताला लागतो तो मजकूर असा असतो:

“आदरणीय, आपल्या मातोश्रींच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून अतीव दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणांस या दुःखातून सावरण्याचे बळ देवो. आईच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून येत नाही. संपूर्ण कंपनी परिवार आपल्या दुःखात सहभागी आहे. हवी तेवढी सुट्टी घ्या. काहीही लागलं तर हक्काने सांगा. फक्त उद्याच्या गाडीची पॅकिंग लिस्ट कुठे आहे तेवढं कळवा.”

यात वाईट हेतूचं एकही वाक्य नाही. तरीही शेवटच्या ओळीने सगळं नासलं, हे कुणालाही दिसेल. बुधवारी गाडी भरायची आहे, लिस्ट त्याच्या खणात आहे, खणाची किल्ली त्याच्या खिशात आहे, ही अडचण खरी आहे. पण ती या मजकुरात आली की वरच्या सहाही वाक्यांचा अर्थ बदलतो. ती लिस्ट मागण्याआधीची प्रस्तावना होऊन बसतात. किल्ली मिळवायचा रस्ता वेगळा असतो. त्याच्या गल्लीत राहणारा किंवा त्याच्याबरोबर डबा खाणारा एक सहकारी मातीला जाणारच असतो. तो तिथे धाकट्या भावाकडून किंवा मेहुण्याकडून किल्ली मागून घेतो, कुणाला न कळता. तेही जमत नसेल तर खणाचं कुलूप तोडावं आणि नवं बसवावं. दोनेकशे रुपयांचं काम आहे.

आता वरच्या ओळी. “हवी तेवढी सुट्टी घ्या” हे ऐकायला मोठ्या मनाचं वाटतं, पण घेणाऱ्याच्या हातात त्यातून काहीच पडत नाही. हवी तेवढी म्हणजे किती? पगारी की बिनपगारी? अर्ज कधी द्यायचा? पाचव्या दिवशी साहेबांचं तोंड कसं असेल? आपल्याकडे कारखान्याच्या कायद्यात आईवडिलांच्या मृत्यूसाठी वेगळी शोकरजा नाही. जे आहे ते भरपगारी हक्काच्या रजेतून, आणि ती साधारण वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या हिशेबाने साठते. म्हणजे गेल्या वर्षी हा माणूस २८० दिवस कामावर असेल तर त्याच्या नावावर १४ दिवस आहेत. मॅनेजरने मजकूर लिहिण्याआधी टाइम ऑफिसला फोन करून हा आकडा विचारून घ्यावा. तिथून पुढचं गणित सरळ आहे. मृत्यू ३ तारखेला, मंगळवारी. मृत्यूचा दिवस पहिला धरला तर दहावा येतो १२ तारखेला, तेरावा १५ ला. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी. ८ आणि १५ हे दोन रविवार रजेत मोजायचे नाहीत. राहिले ११ दिवस. चौदातून अकरा गेले, तीन शिल्लक, आणि माणूस सोमवारी १६ तारखेला येईल. हे गणित त्याला पाठवायचं नाही. त्याला पाठवायचं ते गणिताचं उत्तर: “तुमची रजा १५ तारखेपर्यंत मांडली आहे.” एवढ्या एका ओळीने त्याच्या डोक्यातला एक कोपरा मोकळा होतो.

“काहीही लागलं तर सांगा” याचीही तीच गत. सांगायचं काम पुन्हा त्याच्यावरच आलं. शिवाय साहेबांना पैसे मागणं हे सोलापुरातल्या पगारी माणसाला सर्वात अवघड जाणारं काम आहे. उचल मागायला तो हिशेबनिसाकडे दोन दिवस घुटमळतो. द्यायचं असेल तर हिशेबनिसामार्फत भावाच्या हाती पाकीट द्यावं, मजकुरात रकमेचा उल्लेखही नसावा. आणि जे मिळणार नाही त्याचं आश्वासन तर मुळीच नको. “ईएसआयमधून अंत्यविधीचे पैसे मिळतील” असं घाईत लिहिणारे असतात. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ते १५,००० रुपयांपर्यंतचे पैसे विमाधारक कामगार स्वतः वारला तर मिळतात, त्याची आई वारली तर नाही. पंधरवड्याने हा माणूस कागद घेऊन खिडकीपाशी उभा राहील आणि तिथून परत फिरेल, तेव्हा त्याला मॅनेजरचा शब्द आठवेल.

मग काय लिहायचं? या प्रसंगासाठी असा मजकूर चालेल, सुरुवातीला रोज ज्या नावाने हाक मारता ते नाव घालून:

“तुमचा निरोप वाचला, आई गेल्या हे कळून फार वाईट वाटलं. खंडेनवमीच्या पूजेला त्या कारखान्यात आल्या होत्या आणि प्रत्येक मागाला हळदकुंकू वाहत शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या होत्या, ते डोळ्यांसमोर आलं. तुमची रजा १५ तारखेपर्यंत मांडून ठेवली आहे, अर्जाचं नंतर बघू. डिस्पॅचचं काम वाटून दिलं आहे, कारखान्यातून तुम्हाला कुणाचा फोन येणार नाही. दुपारी मी तिथे असेन. या निरोपाला उत्तर देण्याची गरज नाही.”

सहा ओळी. वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि तेवढंच हवं. हा मजकूर तो अंगणात उभ्या उभ्या, एका हाताने फोन धरून वाचणार आहे. एकेक ओळ का आहे ते बघू.

“आई गेल्या.” कर्मचाऱ्याने लिहिलं होतं “आई गेली”. मुलगा आईला ‘ती’ म्हणतो, तो त्याचा हक्क. उत्तर देणाऱ्याने मात्र ‘त्या’ म्हणायचं. घाईत त्याचाच शब्द उचलून “तुमची आई गेली” असं लिहिलं जातं आणि ते कानाला टोचतं. आपल्या भाषेत एका अनुस्वाराने नाही तर एका प्रत्ययाने मान दिसतो. वडिलांच्या बाबतीत ही अडचण येत नाही, वडील मुळातच ‘गेले’. ‘मातोश्री’, ‘तीर्थरूप’ हे शब्द निमंत्रणपत्रिकेत शोभतात; रोज “तुमच्या आईंची तब्येत कशी आहे” असं विचारणारा माणूस आज अचानक ‘आपल्या मातोश्री’ म्हणाला तर तो दोन पावलं मागे सरकल्यासारखा वाटतो. हेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’चं. रोज ‘तू’ म्हणत असाल तर आजही ‘तू’च ठेवा. आणि ‘एक्स्पायर झाल्या’ कृपा करून नको. औषधाच्या बाटलीवर तो शब्द असतो, तिथेच राहू द्या. ‘गेल्या’ किंवा ‘वारल्या’ हे दोन शब्द पुरेसे आहेत.

खंडेनवमीची ओळ. सांत्वनाच्या मजकुरात गेलेल्या माणसाबद्दल एकच गोष्ट लिहायची, आणि ती लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेली असायला हवी. ऐकीव नको. “त्या फार प्रेमळ होत्या” हे कुणाच्याही आईबद्दल लिहिता येतं, म्हणून ते कुणाच्याच आईबद्दल नसतं. मागाला हळदकुंकू वाहत शेवटच्या ओळीपर्यंत जाणारी बाई मात्र एकच होती. मॅनेजरने त्यांना कधी पाहिलंच नसेल तर? तर ही ओळ गाळावी. पाच ओळींचा मजकूरही पुरा असतो. फार तर डब्यातून आठवेल असं काही असतं, कडक भाकरीबरोबर आठवड्याला येणारी शेंगाचटणी साऱ्या टेबलावर फिरत असेल तर त्याबद्दल एक वाक्य चालतं. पण ते थोडं जपून, चवीचं कौतुक न करता. त्या दिवशी त्याच्या घरात चूल पेटलेली नाही.

या ओळीच्या आसपास काही वाक्यं आपोआप सुचतात, ती अडवायची. “वय झालं होतं.” “सुटल्या बिचाऱ्या.” आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली असेल तर ‘सुटली’ हा शब्द घरचे एकमेकांत म्हणतात, त्यात त्यांनी केलेली सेवा आणि दमणूक दोन्ही असते. बाहेरच्याने तो म्हणायचा नाही, साहेबाने तर नाहीच. “आता याला कमी रजा लागेल” असा त्याचा वास येऊ शकतो. स्वतःच्या आईच्या मृत्यूची गोष्टही नको. ती खरी असते, मनापासून असते, पण आज तो ऐकणार नाही आणि ऐकलीच तर सांत्वन त्यालाच करावं लागेल.

रजेच्या ओळीत तारीख आहे, विधीचं नाव नाही, हे मुद्दाम. सोलापुरात एका पॅकिंग टेबलावर चार घरांच्या चार रिती असतात. ‘तेराव्यापर्यंत’ असं सरसकट लिहिणारा मॅनेजर लिंगायत घराला, मुसलमान घराला, बौद्ध घराला एकाच मापाने मोजतो. लिंगायतांत माणूस लिंगैक्य होतो, नावाआधी ‘कै.’ नव्हे तर ‘लिं.’ लागतं, दहन नव्हे, दफन होतं. मुसलमान घरात माती लवकर, शक्यतो त्याच दिवशी होते; सकाळी कळलं आणि संध्याकाळी जाऊ म्हटलं तर उशीर झालेला असतो. तिथे ‘मरहूम’, आणि पुढचे महत्त्वाचे दिवस बहुधा तिसरा आणि चाळिसावा. बौद्ध घरात ‘कालकथित’ म्हणतात, पुढे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. तिथे ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ ही ओळ चार शब्दांत दोन चुका करते, तिथे ईश्वरही मानत नाहीत आणि आत्माही. पूर्व भागातल्या तेलुगू घरात तर आई ‘अम्मा’ असते, पण तो शब्द साहेबाने उसना घेऊ नये. रोज तसं म्हणत असेल तरच. रीत माहीत नसेल तेव्हा त्याच्या गल्लीतल्या सहकाऱ्याला एक फोन करून विचारावं: माती कधी, कुठे, आणि माणूस साधारण कोणत्या तारखेला मोकळा होईल. या तीन प्रश्नांची उत्तरं आली की मजकुरात देव, आत्मा, शांती यांतलं काहीच लागत नाही, आणि मजकूर कुठल्याही घरात चालतो.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. वरचा हिशेब महिन्याच्या पगारावरच्या माणसाचा आहे. तुकड्यावर काम करणाऱ्या विणकराला रजेची शिल्लक सांगून उपयोग नाही. माग थांबले की मजुरी थांबली. त्याच्या डोक्यात दुसरीच भीती असते. तेरा दिवस आपले माग बदली माणसाकडे जाणार, आणि बदलीचा हात बसला की ते परत मिळतील की नाही. पूर्वी मिलमध्ये बदली कामगार गेटवर उभे असत, ती आठवण या गावात अजून घराघरांत आहे. म्हणून त्याला लिहायची ओळ वेगळी: “तुमचे माग सध्या बदलीला दिलेत, आलात की तेच माग तुमचे.” हे लिहिण्याआधी जॉबरशी, म्हणजे मागांवरच्या मुकादमाशी, बोलून ते खरं करून घ्यायचं, नाहीतर लिहायचंच नाही.

“कारखान्यातून कुणाचा फोन येणार नाही.” ही ओळ लिहायला सर्वात सोपी आणि पाळायला सर्वात अवघड. ती लिहिल्यावर दहा मिनिटांत डिस्पॅचच्या तिघांना बोलावून सांगावं लागतं: ट्रान्सपोर्टवाला कुणाशी बोलेल, बिलं कोण काढेल, अडलं तर विचारायचं कुणाला. अडलं तर मॅनेजरलाच. नाहीतर बुधवारी अकरा वाजता, अस्थी सावडण्याच्या आदल्या दिवशी, “दादा, फक्त एकच विचारायचं होतं” असा फोन जातोच. बाहेरचे व्यापारी तर त्याच्याच नंबरवर फोन करतात. त्यांना दुसरा नंबर त्याच दिवशी कळवायला हवा.

आणि मग ग्रुप. मॅनेजरचा स्वतःचा निरोप आधी जायला हवा, ग्रुपवरची बातमी नंतर, तीही “ग्रुपवर कळवू का” असं त्याच्या भावाला किंवा त्या सहकाऱ्याला विचारून. ग्रुपवर फक्त नाव, वेळ, ठिकाण: अंत्ययात्रा राहत्या घरापासून किती वाजता, मोदी स्मशानभूमी की रूपाभवानी स्मशानभूमी. ते टाकल्यावर सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल असं करून ठेवावं, दोन दिवसांसाठी. तसं केलं नाही तर तासाभरात साठ ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येतात, हात जोडलेल्या चित्रांसकट, त्यात दोघंतिघं चुकून अंगठा टाकतात, आणि संध्याकाळी त्याच रांगेत कुणीतरी उत्पादनाचा तक्ता चिकटवतो. त्या साठांतला एकही मजकूर तो वाचत नाही. फोन मात्र दिवसभर थरथरत राहतो, आणि नेमकं त्याच वेळी त्याला पुण्याहून निघालेल्या भावाचा फोन हवा असतो.

शेवटची ओळ, उत्तर नको ही. आपल्याकडे साहेबांच्या निरोपाला उत्तर दिलं नाही तर उद्धटपणा होतो, म्हणून माणूस स्मशानातूनसुद्धा “धन्यवाद साहेब” लिहितो. ते ओझं काढून घ्यायचं असतं. त्याच ओळीत “भेटू लवकरच” किंवा “येतो” असं लिहायचं नाही. दुःखाच्या घरातून उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत, नुसतं उठून जायचं असतं, लिहितानाही तेच. जुन्या काळी मृत्यूची बातमी आणणारं कार्ड वाचून फाडून टाकत, घरात ठेवत नसत. फोनवरचा निरोप फाडता येत नाही, तो वर्षानंतरही वर सरकवला की सापडतो. म्हणून तो असा लिहावा की नंतर कधी पुन्हा वाचला तर चालेल. खाली फक्त स्वतःचं नाव, हुद्दा नको, कंपनीचा शिक्का नको.

दुपारी स्मशानभूमीत मागे उभं राहावं, कामाचं कुणी काढलं तर “उद्या” म्हणून थांबवावं. तिथे बोलायची गरज नसते. हात धरला तरी पुरतं.

यानंतर दुसरा निरोप लागतो तो १२ किंवा १३ तारखेच्या सुमारास, आणि तो अगदी छोटा असतो: “सोमवारी यायचं ठरत असेल तर या, दोन दिवस आणखी लागणार असतील तर तुमच्या नावावर तीन दिवस शिल्लक आहेत.” इथे त्या गणिताचा उरलेला आकडा कामाला येतो. याच वेळी एक उपयोगाची गोष्ट आठवून द्यावी, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर ती दवाखान्याकडून जाते, पण घरी झाला असेल तर घरच्यांनाच करावी लागते, आणि दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत ती राहून जाते. महापालिकेत अर्धा दिवस जाणार असेल तर तो अर्धा दिवस हजेरीत धरावा.

सोमवारी तो आला की सगळे उभे राहतात आणि काय बोलावं कळत नाही. मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून पाच मिनिटं बसवावं, मधल्या दिवसांत काय काय गेलं, कुठली गाडी कधी भरली ते सांगावं, नव्या कुलपाची किल्ली द्यावी. काम परत देणं हाही धीर असतो, फक्त पहिल्या दिवशी सगळं देऊ नये. मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी असेल. तिच्याबद्दल कुणी काही बोलणार नाही एवढं आधीच बघावं.

आणि एक काम कार्यालयातल्या त्या यादीचं, ज्यातून सणावाराचे शुभेच्छा-मजकूर एकदम सगळ्यांना जातात. पुष्कळ घरांत आईवडील गेल्यावर वर्षभर सण करत नाहीत. दिवाळीला, मग जानेवारीत संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी सुरू झाली की, कंपनीच्या नावाने झेंडूच्या तोरणाचं चित्र त्याच्याही फोनवर जाऊन पडेल. यादीतून एक नंबर वर्षभरासाठी काढायला टाइम ऑफिसच्या माणसाला एक मिनिट लागतं, आणि त्याला ते मंगळवारीच सांगून ठेवलं तर लक्षात राहतं.